स्थळाशी बोलताना इमोजी, मीम आणि रील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रिका बघून झाली, घरच्यांचं फोनवर बोलणं झालं आणि मुला-मुलीला एकमेकांचे नंबर मिळाले. आता दोघांनी व्हॉट्सॲपवर बोलायचं. त्या पहिल्या तीन आठवड्यांबद्दलची ही उत्तरं आहेत. वधू-वर सूचक केंद्राचं काम करताना हे प्रश्न मला मुलं-मुली विचारतात, कधी त्यांच्या आया विचारतात. चांगली जुळलेली स्थळं एखाद्या चुकीच्या हसऱ्या चेहऱ्यापाशी अडलेली मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्याच मेसेजमध्ये इमोजी टाकावा का?

टाकावा, एकच, आणि वाक्य पूर्ण झाल्यावर. "नमस्कार, मी अमुक. आईकडून तुमचा नंबर मिळाला. आज साडेआठनंतर बोलायला जमेल का? 😊" एवढं पुरे. इमोजी काढला तरी या मेसेजचा अर्थ कळतो, आणि ठेवला तर कोरडेपणा जातो.

पहिल्या मेसेजमध्ये दोन चिन्हं मात्र मी टाळायला सांगते. एक म्हणजे जोडलेले हात, 🙏. नमस्कार म्हणून ते बरोबरच आहे, पण आपल्याकडे ते काका-मामांच्या ग्रुपचं चिन्ह होऊन बसलंय. सत्तावीस वर्षांच्या मुलीला "नमस्कार 🙏🙏" आलं की मुलाच्या वडिलांनीच मेसेज टाइप केलाय असं वाटतं. दुसरं म्हणजे पुष्पगुच्छ, 💐. वाढदिवसाला तो चालतो, पण कुठलाही नातेवाइकांचा ग्रुप उघडा, "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या खाली याच गुच्छांची रांग असते. ज्याने सकाळी तसला मेसेज वाचलाय त्याला दुपारी तुमचा गुच्छ वेगळा दिसत नाही.

इमोजीशिवाय लिहिलं तर काय बिघडतं?

कामाच्या मेसेजमध्ये काहीच बिघडत नाही. थट्टेत बिघडतं. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन या संगणकतज्ज्ञाने सुचवलं की संगणकावरच्या सूचनाफलकावर विनोद लिहिला तर शेवटी `:-)` असं टाकावं, कारण तिथल्या थट्टेच्या ओळी लोक खऱ्या समजत होते. म्हणजे हसरा चेहरा जन्माला आला तो "हे मी गंमतीत म्हणतोय" एवढं सांगण्यासाठी. आजही त्याचं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे.

आपण लिहितो तेव्हा आपलं वाक्य आपल्याला आपल्याच आवाजात ऐकू येतं, समोरच्याला ते येत नाही. २००५ मध्ये क्रुगर, एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचीच चाचणी घेतली होती. गंभीर आणि उपरोधिक वाक्यं काही जणांनी ईमेलने पाठवली, काहींनी आवाजात सांगितली. आपला सूर साधारण ७८ टक्के वेळा ओळखला जाईल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजात तो जवळपास खरा ठरला. ईमेलमध्ये मात्र ओळखणाऱ्यांचा आकडा ५६ वर आला, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरा.

मराठीत ही अडचण छोट्या शब्दांपाशी येते. "हो का" घ्या. तोंडाने म्हणताना त्याचे चार अर्थ होतात: खरंच विचारलेलं, आश्चर्याचं, कंटाळलेलं आणि टोमण्याचं "हो क्का". लिहिल्यावर चारही एकसारखे दिसतात. "बरं", "हं", "अच्छा", "मग?" यांचंही तसंच. मुलगी सांगते, "मी शनिवारी आईबरोबर भिशीला जाते." मुलगा लिहितो, "हो का." खाली टिंब. वाचणारीला वाटतं, याला ते आवडलेलं दिसत नाही. त्याच जागी "हो का 😄 किती जणी असता?" आलं तर गप्पा पुढे सरकतात. खरं काम त्या प्रश्नाने केलं, इमोजीने फक्त कल दाखवला. म्हणून एका शब्दाच्या उत्तराला इमोजी हवाच, आणि जमलं तर एक प्रश्नही.

एकाच इमोजीचा दोघांनी वेगवेगळा अर्थ घेतला असं खरंच होतं का?

नेहमी होतं. २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना चेहऱ्यांचे इमोजी दाखवून हा भाव चांगला, वाईट की मधला असं विचारलं. अगदी तेच चित्र समोर असतानाही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या वेळा दोघांचं एकमत झालं नाही. त्यातून कंपन्यांची चित्रं वेगळी. 😁 हा चेहरा तेव्हाच्या आयफोनवर दात आवळल्यासारखा दिसायचा आणि इतर फोनवर खुशीत. त्याच वर्षी ॲपलने तो बदलला. आता चित्रं बरीच सारखी झाली आहेत, पण माणसांचे अर्थ सारखे झालेले नाहीत.

स्थळांच्या गप्पांत मला सतत भेटणारा घोळ 🙂 या हलक्या हसऱ्या चेहऱ्याचा. पस्तिशीच्या पुढच्यांना तो सौम्य वाटतो. विशीतल्या अनेकांना तो दातओठ खाऊन हसल्यासारखा, "कळलं हं मला" अशा अर्थाचा वाटतो. वय माहीत नसेल तर गाल लाल झालेला 😊 वापरा, त्याचा गैरअर्थ सहसा कोणी काढत नाही. दुसरा घोळ हसण्याचा. विशीतली मुलं खूप हसू आलं की 😭 किंवा 💀 पाठवतात. साताऱ्याजवळच्या एका मुलाने "आज बसमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी येऊन बसली" असं लिहिलं. उत्तरात मुलीकडून 💀💀 आलं. मुलाने मला फोन करून विचारलं, "मावशी, तिला किळस वाटली का हो?" तिला हसून हसून पुरेवाट झाली होती. अशा वेळी विचारून टाकावं: "ही कवटी हसण्याची ना?" त्या प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही, आणि दोघांची एक समजूत तयार होते.

एका मेसेजला किती इमोजी?

एक. फार तर दोन, आणि समोरची व्यक्ती जेवढे वापरते त्याच्या आसपास. तिचे तीन मेसेज बिनइमोजीचे आणि तुमच्या प्रत्येक ओळीला पाच चेहरे असतील तर तिला आपण मागे पडतोय असं वाटायला लागतं.

❤️ कधी पाठवावा?

"तुम्ही"वरून "तू"वर आल्यावर. मराठीत ही खूण आयती आहे, तिचा उपयोग करा. "तुम्ही जेवलात का? 😘" हे वाक्य वाचून बघा. क्रियापद अंतर ठेवतंय आणि चिन्ह गालापर्यंत आलंय. वाचणारी गोंधळते, आणि मुली सहसा अशा गोंधळात मागे सरकतात. आधी शब्दांतलं अंतर कमी होऊ दे: "आपण एकमेकांना अरे-तुरे करूया का?" असं सरळ विचारा. होकार आला की चिन्हांना आपोआप जागा होते.

मेसेजवर बोट दाबून दिलेला ❤️ जरा वेगळा आहे. व्हॉट्सॲपवर ही सोय २०२२ मध्ये सहा चिन्हांनिशी आली, त्यात हा होता, आणि लोक तो "आवडलं" एवढ्याच अर्थाने देतात. एखाद्याने आजीचा फोटो पाठवला आणि तुम्ही त्यावर ❤️ दिला तर त्यात कोणी प्रेमाची कबुली वाचत नाही. पण एक सांगते, नुसत्या चिन्हाने बोलणं तिथे थांबतं. समोरच्याने मोठा, मनातला मेसेज लिहिला आणि त्यावर फक्त 👍 चिकटला, तर त्याला दार लावल्यासारखं वाटतं. चिन्ह द्या, पण खाली एक ओळ लिहा.

मीम पाठवावं का? कसलं चालतं?

मीम पाठवण्याआधी एकच बघा: ते कुणावर हसतंय? पाऊस, ट्रॅफिक, सोमवार, आपल्याच हातची करपलेली पोळी यांवर हसणारं मीम निर्धास्त पाठवा. नवरा-बायको, सासू-सून, माहेर, हुंडा, रंग, वजन, जात, गाव यांवर हसणारं अजिबात नको. एरवी मित्रांच्या ग्रुपवर "बायको म्हणजे डोक्याला ताप" छापाचं मीम हसून विसरलं जातं. पण जी मुलगी तुमची बायको व्हायची की नाही हे ठरवतेय, तिच्याकडे ते गेलं की तो विनोद राहत नाही. ते तुमचं मत होतं. ती ते तिच्या पुढच्या आयुष्याला लावून बघते, आणि तिने तसंच बघायला हवं. हेच उलट बाजूनेही खरं. "पगार किती ते आधी सांग" या अर्थाचं मीम मुलीने गमतीत पाठवलं, मुलाच्या घरी त्यावर दोन दिवस चर्चा झाली.

घरी चर्चा झाली हे मुद्दाम लिहिलं. स्थळाच्या गप्पांना बहुतेकदा तिसरा वाचक असतो. फोन बहिणीच्या हातात जातो, "बघू काय म्हणतोय" म्हणत मावशी वाचते, स्क्रीनशॉट वहिनीकडे पोहोचतो. तुम्ही दोघांनी तासभर रंगवलेल्या गमतीतलं शेवटचं एकच मीम त्यांना दिसतं, मागचापुढचा संदर्भ नसतो. म्हणून मीमच्या वर स्वतःची ओळ लिहावी: "काल तुम्ही रिक्षावाल्याचं सांगितलंत, त्यावरून हे आठवलं." तिसऱ्यालाही मग कळतं की हे कशावरून आलं.

दिवसाला किती रील पाठवाव्यात?

पहिल्या आठवड्यात मी एक सांगते, तीही रोज नाही. पण आकड्यापेक्षा क्रम पाळा: पाठवलेल्या रीलवर बोलणं होईपर्यंत दुसरी पाठवायची नाही. का ते एका स्थळाच्या गोष्टीतून सांगते. दोघांना विचारून, ओळख पटणार नाही अशी सांगतेय.

मुलगा पिंपरीत कंपनीत, दुसऱ्या पाळीला. मुलगी साताऱ्यात शिक्षिका, सकाळची शाळा. सोमवारी संध्याकाळी, मुलाच्या सुट्टीच्या दिवशी, छान बोलणं झालं. ती म्हणाली, रविवारी मैत्रिणींबरोबर अजिंक्यताऱ्यावर चालत जाते. मंगळवारी रात्री पाळी संपवून घरी आल्यावर, साडेअकरा ते बारा या वेळात, त्याने सात रील पाठवल्या. तीन किल्ल्यांच्या, दोन पाककृतींच्या, एक नवरा-बायकोच्या भांडणाची आणि एक "यशस्वी लोक पहाटे उठतात" अशी. एकाही रीलवर ओळ लिहिली नाही. तो मोकळा झाला होता, तिच्या आठवणीने बघत होता आणि दिसेल ते आनंदाने पाठवत होता. त्याचं मन चांगलंच होतं.

तिने ते सकाळी सव्वासहाला बघितलं. प्रत्येकी चाळीस सेकंद धरले तरी जवळपास पावणेपाच मिनिटं फक्त बघायला, शिवाय प्रत्येकीवर काय म्हणायचं हा विचार. सातला शाळा. तिने दोन उघडल्या आणि डबा भरता भरता लिहिलं, "छान 👍". पहाटे उठण्याची रील हा आपल्याला सल्ला आहे का, हे तिला कळेना. ती तर रोज पाचला उठते. आणि भांडणाची रील का पाठवली?

त्याने दुपारी "छान 👍" वाचलं. सात रीलना एक अंगठा! त्याने लिहिलं, "काही चुकलं का? 🙂" त्याला काळजी होती, तिने तो हसरा चेहरा टोमणा म्हणून वाचला. दोन दिवस शांतता. शुक्रवारी तिच्या आईचा मला फोन आला, "मुलगा जरा तिरसट वाटतो."

मी दोघांचं ऐकून घेतलं आणि मुलाला एकच करायला सांगितलं, त्या सातांतली खरोखर तिच्यासाठी होती ती निवड. त्याने अजिंक्यताऱ्याच्या वाटेची निवडली. मग शनिवारी संध्याकाळी सात वाजता त्याने लिहिलं: "मंगळवारी एकदम सात रील पाठवल्या, तुमची सकाळची शाळा लक्षातच आली नाही. त्यातली ही एक मुद्दाम तुमच्यासाठी होती. तुम्ही याच वाटेने वर जाता का?" तिने उत्तर दिलं, ते चार ओळींचं. ती त्या वाटेने जात नाही, दुसरी बाजू सावलीची आहे, हे तिने सांगितलं. रील तीच होती. या वेळी तिच्यासोबत वेळ बघून लिहिलेली ओळ होती आणि उत्तर देता येईल असा प्रश्न होता.

रील व्हॉट्सॲपवर पाठवावी की इन्स्टाग्रामवर?

जिथे तुमचं बोलणं चाललंय तिथेच. इन्स्टाग्रामवर एकमेकांना फॉलो करत नसाल तर मेसेज विनंत्यांच्या वेगळ्या कप्प्यात पडू शकतो आणि आठवडाभर दिसत नाही. इकडे तुम्ही उत्तर नाही म्हणून झुरता. उलट व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली आणि तिच्याकडे इन्स्टाग्राम नसेल तर लिंक उघडून खातं काढण्याची सूचनाच समोर येते. आधी विचारा, "तुम्ही इन्स्टा वापरता का?" नसेल वापरत तर रीलमध्ये काय होतं ते दोन ओळींत सांगा. तसं सांगितलेलं अनेकदा रीलपेक्षा बरं पोहोचतं.

आणखी एक, फॉरवर्डचा बाण. २०१८ पासून व्हॉट्सॲप पुढे ढकललेल्या मेसेजवर ती खूण दाखवतं, आणि पाच किंवा जास्त हातांतून आलेल्यावर दुहेरी बाण येतो. दुहेरी बाणाचा व्हिडिओ आला की समोरच्याला कळतं, हा गावभर फिरून माझ्याकडे आलाय. ते गैर नाही, पण तो "तुझ्यासाठी शोधला" असं म्हणून पाठवू नका.

मला विचारायचं एक आहे, पण थेट विचारवत नाही. रील पाठवून अंदाज घेऊ का?

नको. हा प्रश्न मला वारंवार येतो, बहुतेकदा स्वयंपाक, एकत्र कुटुंब आणि लग्नानंतरची नोकरी यांबद्दल. सासूला हातात चहा देणाऱ्या सुनेची रील मुलगा पाठवतो आणि तिच्या उत्तरावरून ओळखू बघतो. तिने 😄 पाठवला तर काय कळलं? ती हसली, चिडून हसली, की न बघताच हसली? आणि तिला तुमचा हेतू कळला तर आपली परीक्षा घेतली जातेय हे तिच्या मनात राहतं. त्यापेक्षा लिहा: "आमच्याकडे आई-बाबा आमच्याबरोबर राहणार आहेत. तुमचं याबद्दल काय मत आहे? फोनवर बोलूया का?" पहिले पंधरा दिवस अवघड विषय शब्दांत आणि शक्यतो आवाजात ठेवा.

रोज "शुभ सकाळ"चं चित्र पाठवलं तर?

सूर्य, कप आणि सुविचार असलेलं चित्र सगळ्यांना एकच जातं. "आज पाऊस आहे का तिकडे?" ही ओळ फक्त तिलाच जाते.

गैरसमज झाला. मेसेज खोडून टाकू का?

चुकीचा इमोजी लगेच लक्षात आला तर पहिल्या १५ मिनिटांत मेसेज बदलता येतो, बदलल्याची खूण मात्र राहते. सगळ्यांसाठी खोडला तर "मेसेज खोडला" अशी जागा मागे उरते, आणि त्या रिकाम्या जागेत माणूस प्रत्यक्षापेक्षा वाईट काहीतरी कल्पून घेतो. म्हणून समोरच्याने वाचल्यावर खोडू नका, सांगा: "तो चेहरा टोमण्याचा वाटला असेल तर माफ करा. मला खरंच काळजी वाटली म्हणून विचारलं." आणखी चार इमोजींनी आधीचा इमोजी दुरुस्त होत नाही. दोन मेसेजांत उलगडा झाला नाही तर फोन लावा.

मी इमोजी वापरतच नाही. चालेल?

चालेल. पहिल्या दोन दिवसांत सांगून टाका, "मी चिन्हं फारशी वापरत नाही, रागावलोय असं समजू नका." मात्र मग एका शब्दाची उत्तरं देऊ नका.

समोरून खूप रील येतात, मला झेपत नाही. न दुखावता कसं सांगू?

गप्प राहून किंवा अंगठे देऊन सांगू नका, त्यातून कळत नाही. सगळ्या बघण्याचं बंधनही स्वतःवर घेऊ नका. मनापासून बघितलेल्या एकीबद्दल नीट लिहा आणि त्याच मेसेजमध्ये आपली सवय सांगा. एका मुलीने लिहिलेला मेसेज मी तिची परवानगी घेऊन पुढच्या बऱ्याच जणींना दिला, तो असा: "ती वांग्याच्या भरताची रील आवडली, आमच्याकडे त्यात दाण्याचं कूटही घालतात. मला दिवसभर फोन बघता येत नाही, त्यामुळे बाकीच्या राहून जातात आणि मग मलाच अपराधी वाटतं. रोज एखादीच पाठवाल का, तुम्हाला सगळ्यात आवडलेली? आणि ती का आवडली तेही लिहा 😊"